फोटो हिरवा नाहीतर गुलाबी येतोय? सेन्सर गेलाय की सॉफ्टवेअरचा घोळ आहे, कसं ओळखायचं

ओळखीतले लोक कॅमेऱ्याची तक्रार घेऊन माझ्याकडे येतात तेव्हा बऱ्याच जणांनी आधीच फॅक्टरी रिसेट मारलेला असतो, चॅट गेलेले असतात, ॲप परत टाकता टाकता वैताग आलेला असतो आणि फोटो मात्र तसाच गुलाबी. उलटंही होतं, कुणीतरी सांगितलं म्हणून कॅमेरा मॉड्यूल बदलून घेतलं आणि हिरवा रंग गेलाच नाही, कारण घोळ ॲपमध्ये होता. दोन्हीकडे चूक एकच, नुसता रंग बघून निदान केलं. हिरवा म्हणजे हा बिघाड आणि गुलाबी म्हणजे तो, असं सरळ काही नसतं. रंग कशासोबत बदलतो ते बघायचं असतं: स्क्रीनसोबत, ॲपसोबत, लेन्ससोबत, उजेडासोबत की फोन तापण्यासोबत. खाली त्याच क्रमाने जाऊया, ज्यात काही गमवायचं नाही ते आधी आणि रिसेट सगळ्यात शेवटी.

हिरवा आणि गुलाबीच का

हा भाग वाचायचा कंटाळा आला तरी वाचा, पुढच्या सगळ्या टेस्ट यावरच उभ्या आहेत.

सेन्सरचा एक पिक्सेल एकच रंग मोजतो, कारण प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा असा बारीक फिल्टर बसवलेला असतो. चार पिक्सेलच्या चौकोनात दोन हिरवे, एक लाल आणि एक निळा अशी मांडणी असते. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांना या मांडणीचं पेटंट १९७६ साली मिळालं आणि आजचे बहुतेक फोन तीच मांडणी किंवा तिचीच जरा सुधारलेली रूपं वापरतात. आता गंमत अशी की दिवसाच्या उजेडात हिरव्या पिक्सेलवर सिग्नल बाकीच्यांपेक्षा जास्त येतो. म्हणजे समोर पांढरा कागद असला तरी सेन्सरमधून निघालेला कच्चा फोटो हिरवट असतो, आणि यात बिघाड काहीच नाही.

समजायला सोपे जावेत असे आकडे घेऊ. कागदावरून लाल २००, हिरवा ४००, निळा २५० असं मोजमाप आलं. फोनचं सॉफ्टवेअर लालला २ ने आणि निळ्याला १.६ ने गुणतं, हिरव्याला हात लावत नाही, तिन्ही ४०० होतात आणि कागद पांढरा दिसतो. व्हाइट बॅलन्स म्हणतात तो हाच गुणाकार.

आता हा गुणाकार झालाच नाही किंवा कमी झाला तर काय? फोटो हिरवा. आणि गुणाकाराच्या आधी तिन्ही रंगांमध्ये कुठून तरी सारखीच भर पडली तर? समजा अंधाऱ्या जागी शून्य यायला हवं होतं आणि तिन्हीत ६४ आलं, तर गुणाकारानंतर लाल १२८, हिरवा ६४, निळा १०२ होतो. लाल आणि निळा वर, हिरवा मागे, म्हणजेच गुलाबी-जांभळा. ही सारखी भर सॉफ्टवेअरच्या चुकीने पडू शकते, सेन्सर तापल्यामुळे पडू शकते आणि डोळ्यांना न दिसणारा उजेड आत शिरला तरी पडू शकते. तिन्ही वेळी फोटो गुलाबीच येणार, म्हणून तर नुसता रंग बघून काही कळत नाही.

पायरी १: फोटो रंगलाय की स्क्रीन

तोच फोटो दुसऱ्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर उघडा. तिथे तो नीट दिसला तर कॅमेऱ्याचा काही संबंध नाही, तुमचा डिस्प्ले रंग मारतोय. ओएलईडी स्क्रीन ब्राइटनेस अगदी कमी केल्यावर हिरवट किंवा गुलाबीसर दिसणं तसं नवीन नाही, शिवाय रात्री डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून असलेला मोड किंवा ॲक्सेसिबिलिटीमधला कलर फिल्टर चुकून चालू राहिलेला असू शकतो. स्क्रीनशॉट काढून तुलना करायला जाल तर फसाल, कारण स्क्रीनशॉटमध्ये स्क्रीनचा दोष येत नाही. पण म्हणूनच तो उपयोगाचाही आहे: कॅमेरा उघडा ठेवून स्क्रीनशॉट काढा, दुसऱ्याला पाठवा, त्याच्याकडे नीट दिसला की संशय स्क्रीनवर.

अजून एक प्रकार इथेच बाजूला काढा. फोटोचा वरचा भाग चांगला आणि एका सरळ आडव्या रेषेपासून खाली सगळा हिरवा, गुलाबी किंवा राखाडी, असं असेल तर बहुतेक फाइल खराब झाली आहे. मेमरी कार्ड, अर्धवट कॉपी, अर्धवट डाउनलोड, असं काहीतरी. व्हिडिओत मध्येच पूर्ण फ्रेम पोपटी-हिरवी होते तेही बऱ्याचदा असंच: व्हिडिओत रंगाची माहिती वेगळी साठवलेली असते, आणि त्या माहितीच्या जागी सगळी शून्यं आली की पडद्यावर काळा नाही तर हिरवा रंग दिसतो. नवीन फोटो फोनच्या आतल्या स्टोरेजवर काढून बघा. ते चांगले आले तर कॅमेरा ठणठणीत आहे.

पायरी २: नीट टेस्ट फोटो काढा

इथे नवीन माणूस हमखास चुकतो. तो समोरच्या एका रंगाच्या भिंतीचा नाहीतर पूर्ण फ्रेमभर गवताचा फोटो काढतो आणि म्हणतो बघा गुलाबी झाक येतेय. ऑटो व्हाइट बॅलन्स हा शेवटी अंदाजच असतो, फ्रेमभर हिरवंच दिसलं तर त्याला वाटतं उजेडच हिरवा आहे आणि तो उलट बाजूला म्हणजे गुलाबीकडे ढकलतो. चांगला फोनही हे करतो.

म्हणून टेबलावर एक पांढरा कागद, एक काळं कापड आणि दोन-तीन वेगवेगळ्या रंगांच्या वस्तू ठेवा, बाजूला स्वतःचा हातही येऊ द्या. खिडकीजवळ, पण थेट ऊन नको. घरातले दिवे बंद करा, कारण खिडकीचा एक उजेड आणि ट्यूबचा दुसरा असं झालं की एकाच फोटोत दोन रंग दिसतात आणि मग आपण फोनला दोष देत बसतो. फ्लॅश बंद, फिल्टर बंद, ब्युटी मोड बंद, सीन ओळखणारा मोड असेल तर तोही बंद.

आता हाच फोटो फोनच्या प्रत्येक कॅमेऱ्याने काढा: मुख्य, वाइड, टेली, पुढचा. प्रत्येकाचा सेन्सर वेगळा असतो. फक्त एक सावधगिरी, स्क्रीनवर २एक्स किंवा ३एक्स दाबलं म्हणजे टेली लेन्स चालू झाली असं धरू नका. उजेड कमी असला किंवा वस्तू जवळ असली की बरेच फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्याचाच फोटो कापून मोठा करून देतात. मागच्या लेन्सवर एकेक करून बोट ठेवा, जिच्यावर बोट ठेवल्यावर स्क्रीन काळी होते ती चालू आहे.

सगळ्या कॅमेऱ्यांत सारखीच झाक असेल तर सगळे सेन्सर एकदम गेले असं सहसा होत नाही, संशय सॉफ्टवेअरवर किंवा सेटिंगवर. एकाच कॅमेऱ्यात असेल तर हार्डवेअरचा संशय वाढतो, पण अजून सिद्ध काही झालेलं नाही.

पायरी ३: शटर दाबण्याआधी आणि नंतर

ही टेस्ट फुकट आहे आणि तरी कोणी करत नाही. फोटो काढताना स्क्रीनवर चालू दिसणारं चित्र बघा, मग काढलेला फोटो उघडा आणि दोन सेकंद थांबा. फोटो आधी बरा दिसला आणि "प्रोसेसिंग" संपल्यावर गुलाबी झाला, तर दोष नंतरच्या प्रक्रियेत आहे, सेन्सरने त्याचं काम केलेलं आहे. नाइट मोड आणि एचडीआरमध्ये अनेक फ्रेम जोडताना असे घोळ होतात, ते बंद करून परत काढा.

याच वेळी गुलाबी नक्की कुठे आहे तेही बघून ठेवा. फक्त सगळ्यात झगमगीत जागी, म्हणजे बल्बच्या मध्यावर किंवा उन्हातल्या ढगावर गुलाबी डाग असेल तर वरचा हिशोब आठवा. तिथे तिन्ही पिक्सेल भरून वाहिलेले असतात, तिन्हींचा आकडा सारखाच म्हणजे कमाल, आणि त्याला तसंच गुणलं की लाल-निळा वर जातात. सॉफ्टवेअरने तो भाग कापून पांढरा करायचा असतो, तो केला नाही. फोन दुरुस्तीला द्यायची गरज नाही, दुसरं कॅमेरा ॲप वापरून बघा किंवा अपडेटची वाट बघा.

पायरी ४: व्हाइट बॅलन्स स्वतः धरा, मग ॲप बदला

कॅमेऱ्यात प्रो किंवा मॅन्युअल मोड असेल तर तिथे व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून साधारण ५५०० K ला लावा आणि खिडकीजवळचा तोच फोटो काढा. हिरवा-गुलाबी गेला, थोडा फार निळसर-पिवळसर राहिला तर चालेल, तो उजेडाप्रमाणे असणारच. म्हणजे चूक ऑटोच्या अंदाजात होती. रंग जसाच्या तसा राहिला तर कारण आणखी खाली आहे.

मग ॲप. दुसऱ्या कुठल्या तरी ॲपमधून, अगदी व्हिडिओ कॉलमधून का होईना, तोच कॅमेरा उघडून बघा. एका ॲपमध्येच झाक येत असेल तर प्रश्न मिटला. बाहेरून आणून टाकलेली, दुसऱ्या कंपनीच्या फोनसाठी बनवलेली कॅमेरा ॲप तर यासाठी प्रसिद्धच आहेत. त्या ॲपला तुमच्या सेन्सरचं "काळं म्हणजे किती" हे माहीत नसतं. सेन्सर पूर्ण अंधारातही शून्य देत नाही, मुद्दाम थोडा आकडा वर ठेवून देतो, १० बिटच्या सेन्सरमध्ये बऱ्याचदा ६४, आणि सॉफ्टवेअरने तो वजा करायचा असतो. ॲपने चुकीचा आकडा वजा केला की सावल्या एकतर गुलाबी नाहीतर हिरव्या होतात आणि उजेडातले फोटो मात्र बरे येतात. असं दिसलं की ॲप काढून टाका, मोकळे व्हा.

कंपनीच्याच ॲपमध्ये झाक आहे? तर क्रम असा. फोन रिस्टार्ट. मग कॅमेरा ॲपमधलं सेटिंग रिसेट. मग अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधून ॲप्सच्या यादीत कॅमेरा शोधून त्याचा डेटा क्लिअर करा, यात काढलेले फोटो जात नाहीत, फक्त ॲपच्या सेटिंग जातात. मग सेफ मोड: पॉवर मेन्यूमधल्या पॉवर ऑफवर बोट दाबून धरलं की बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये विचारतो, तिथे तुम्ही टाकलेली ॲप बंद राहतात. आयफोनमध्ये सेफ मोड नसतो, तिथे कॅमेऱ्यातली फोटोग्राफिक स्टाइल स्टँडर्डवर आणा आणि तरी नाही गेलं तर फक्त सेटिंग रिसेट करा, त्यात फोटो राहतात. इथवर आलात आणि एकाच लेन्समध्ये, सगळ्या ॲपमध्ये, सेफ मोडमध्येही तीच झाक आहे, तर आता सेन्सरकडे जायचं.

पायरी ५: रॉ फोटो काय सांगतो

प्रो मोडमध्ये RAW चं, म्हणजे सेन्सरमधून निघालेला कच्चा फोटो साठवायचं, बटण असेल तर ते चालू करा. फोन एक नेहमीचा जेपीजी आणि एक `.dng` फाइल देईल. ती डीएनजी फाइल रॉ उघडू शकणाऱ्या कुठल्याही एडिटरमध्ये उघडा आणि व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर घेऊन पांढऱ्या कागदावर टिचकी मारा. कागद पांढरा झाला, काळं कापड काळंच राहिलं, मधले रंगही ठीक, तर सेन्सर चांगला आहे आणि जेपीजी बनवणारं सॉफ्टवेअर बिघडलंय. कागद पांढरा झाला पण काळं कापड जांभळट राहिलं, किंवा कागदाचा डावा कोपरा पांढरा आणि उजवा गुलाबी, तर कुठल्याही सेटिंगने ते जाणार नाही.

दोन गोष्टींनी घाबरू नका. ड्रॉपर मारायच्या आधी रॉ हिरवट दिसू शकतो, आणि काही एडिटरमध्ये त्याचे कोपरे काळपट किंवा रंगीत दिसतात, कारण लेन्सची दुरुस्ती रॉवर अजून केलेली नसते. आणि हल्ली काही फोनचा "रॉ" म्हणजे अनेक फ्रेम जोडून तयार केलेली फाइल असते, तेवढा खरा कच्चा नाही, तेव्हा त्याचा कौल जरा सांभाळून घ्या.

पायरी ६: हार्डवेअरच्या तीन खुणा

*उजेड बदलला की गुलाबी येतो-जातो.* ही सगळ्यात फसवी आणि माझ्या मते सगळ्यात जास्त चुकीचं निदान होणारी. सिलिकॉनच्या सेन्सरला आपल्याला न दिसणारा इन्फ्रारेड उजेड दिसतो, साधारण ११०० नॅनोमीटरपर्यंत, आपला डोळा ७०० च्या आसपास थांबतो. म्हणून लेन्स आणि सेन्सरच्या मध्ये एक अगदी पातळ काच असते जी इन्फ्रारेड अडवते. फोन पडल्यावर ती तडकते, टवका उडतो किंवा जागेवरून सरकते, बाहेरची काच मात्र शाबूत असते म्हणून कुणाला शंका येत नाही. इन्फ्रारेड बायरच्या तिन्ही फिल्टरमधून जातो, तिन्ही पिक्सेलवर भर पडते, आणि पुढचा हिशोब तुम्हाला माहीत आहे: गुलाबी.

खूण अशी की उन्हात आणि जुन्या तारेच्या बल्बखाली झाक दिसते, कारण त्यात इन्फ्रारेड भरपूर असतो, आणि पांढऱ्या एलईडी दिव्याखाली ती जवळजवळ नाहीशी होते, कारण त्यात इन्फ्रारेड नसल्यासारखाच असतो. उन्हात काळे सिंथेटिक कपडे मरून किंवा जांभळे दिसतात. अजून एक टेस्ट, टीव्हीचा रिमोट. त्याचा दिवा बहुधा ९४० नॅनोमीटरचा असतो. खोलीत अंधार करा, रिमोटचं बटण दाबा आणि संशयित कॅमेऱ्यातून बघा, मग त्याच फोनच्या दुसऱ्या मागच्या कॅमेऱ्यातून. एकात ठिणगीएवढा किंवा काहीच नाही आणि दुसऱ्यात टॉर्चसारखा झगझगीत, तर फिल्टर गेलाय. पुढच्या कॅमेऱ्याशी तुलना नको, बऱ्याच फोनमध्ये तिथला फिल्टर मुळातच सैल असतो आणि रिमोट तिथे सहज दिसतो.

*रंग स्थिर राहत नाही.* चित्र मध्येच हिरवं, परत नीट, परत गुलाबी, सोबत पट्टे, कधी कॅमेरा उघडतच नाही. मॉड्यूल फोनच्या बोर्डला एका बारीक पट्टीच्या केबलने आणि बोटाच्या नखाएवढ्या कनेक्टरने जोडलेलं असतं. तिथला एखादा पॉइंट सुटला किंवा गंजला तर पिक्सेलचा डेटा तुटक पोचतो, आणि कुठला आकडा लालचा नि कुठला हिरव्याचा हेच फोनला कळेनासं होतं. फोन हातात हलकेच वळवल्यावर किंवा पाठीवर टिचकी मारल्यावर रंग बदलला तर कनेक्टरच. जोर लावून दाबू नका, सुटलेला पॉइंट तुटून जाईल. नशीब चांगलं असेल तर हे नुसता कनेक्टर साफ करून नीट बसवल्यावर सुटतं. पण आधी एक खात्री करा, खोलीतल्या दिव्यामुळे येणारे सरकते पट्टे वेगळे, ते दिवा बंद करून खिडकीच्या उजेडात गेलं की थांबतात.

*फोन तापला की वाढतो.* फोन थंड असताना तो काळ्या कापडावर लेन्स खाली करून ठेवा, प्रो मोडमध्ये आयएसओ १६०० आणि शटर १/१० सेकंद लावून टायमरवर फोटो काढा. मग १० मिनिटं व्हिडिओ चालू ठेवा आणि लगेच तसाच फोटो परत काढा. दोन्ही फोटो सारखेच, पूर्ण फ्रेमभर एकसारखे गुलाबी, तर ते काळ्या आकड्याचं सॉफ्टवेअर प्रकरण. पहिला काळा आणि दुसऱ्यात एका कडेकडून गुलाबी धुकं पसरलेलं, तर तापल्यावर सेन्सरच ती भर घालतोय, म्हणजे दोष त्याचाच. थोडे बारीक रंगीत ठिपके दोन्हीत असतीलच, ते सोडून द्या. एकाच जागी कायम राहणारी रंगीत उभी किंवा आडवी रेघ दिसली तर लेझर शोचं रेकॉर्डिंग कधी केलं होतं का ते आठवा, लेझर सरळ लेन्समध्ये गेला तर सेन्सरचे पिक्सेल जळतात आणि ते परत येत नाहीत.

एक खरी केस

माझा मावसभाऊ आला, म्हणाला, "दादा, अपडेट केलं आणि कॅमेरा गुलाबी झाला, आता पुढच्या अपडेटपर्यंत थांबू का रिसेट मारू?" मी म्हटलं दोन्ही नको, आधी दे इकडे.

त्याचे फोटो माझ्या फोनवरही गुलाबी, म्हणजे स्क्रीन सुटली. टेबलावरचा टेस्ट फोटो काढला तर वाइड आणि पुढचा कॅमेरा एकदम नीट, मुख्य कॅमेरा गुलाबी, त्यातही उजवीकडे जास्त. अपडेटचा दोष असता तर झाक अशी एका बाजूला का असावी, तिथेच मला पहिली शंका आली. व्हाइट बॅलन्स ५५०० ला धरला, फरक नाही. सेफ मोड, फरक नाही. रॉ काढला, ड्रॉपर मारला, कागद डावीकडे पांढरा आणि उजवीकडे गुलाबीच.

मग रात्री एलईडी दिव्याखाली तोच सेट मांडून फोटो काढला आणि फोटो चक्क नॉर्मल आला. तो लगेच खूश, "झालं की बरोबर!" दुसऱ्या दिवशी उन्हात त्याचं काळं जॅकेट समोर धरलं तर फोटोत ते जांभळं वांगं. रिमोटने तर शिक्कामोर्तबच केलं, वाइडमध्ये फिकट ठिपका आणि मुख्य कॅमेऱ्यात उजव्या अर्ध्या भागात नेल्यावर भगभगीत दिवा. मग हळूच विचारलं, फोन पडला होता का. "हो, पण अपडेटच्या आदल्या आठवड्यात, आणि काच कुठे फुटली?"

मॉड्यूल बदलावं लागलं. त्यातही एक फेरा झाला: पहिल्यांदा बसवलेलं मॉड्यूल कॉपी निघालं, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला की मध्यभागी गुलाबी गोल आणि कडा हिरवट. प्रत्येक मॉड्यूलची लेन्स आणि सेन्सर थोडे वेगवेगळे असतात, म्हणून फॅक्टरीत कडेपासून मध्यापर्यंत किती दुरुस्ती करायची याचं मोजमाप घेऊन ते बहुतेक वेळा मॉड्यूलवरच्याच एका छोट्या चिपमध्ये भरून ठेवतात. कॉपी पार्टमध्ये ते नसतं किंवा सगळ्यांना एकच टाकलेलं असतं. ओरिजिनल मॉड्यूल बसवल्यावर गोल गेला.

दुरुस्तीला देताना

फॅक्टरी रिसेट फक्त तेव्हाच करा जेव्हा पायरी ५ मध्ये रॉ चांगला आणि जेपीजी वाईट निघालाय आणि बाकी सगळं करून झालंय, तेही बॅकअप घेऊन. रॉमध्येच झाक असेल किंवा रिमोट झगझगीत दिसत असेल तर रिसेट म्हणजे फुकटची मेहनत. फोन वॉरंटीत असेल तर स्वतः उघडायच्या फंदात पडू नका.

देताना "कॅमेरा खराब आहे" एवढंच बोलू नका. चार फोटो दुसऱ्या फोनवर घेऊन जा: संशयित लेन्सचा खिडकीजवळचा, चांगल्या लेन्सचा तोच, एलईडीखालचा आणि उन्हातल्या काळ्या कापडाचा. सरळ सांगा, एकाच लेन्समध्ये आहे, सगळ्या ॲपमध्ये आहे, रॉमध्ये आहे. नाहीतर समोरचा माणूस सॉफ्टवेअर अपडेट मारून फोन परत देतो, दुकानात एलईडीच असतात, तिथे फोटो चांगला येतो आणि तुम्ही घरी येऊन अंगणात गेलात की परत गुलाबी. परत घेताना दारातच उभं राहून थेट उन्हात काळ्या कापडाचा एक आणि सावलीत पांढऱ्या भिंतीचा किंवा कागदाचा एक असे दोन फोटो काढा, पहिल्यात फिल्टर कळतो आणि दुसऱ्यात पार्ट ओरिजिनल आहे का याचा बराचसा अंदाज येतो.